लहरी माल आणि हंगामी माल

मे महिन्याचा शेवटचा आठवडा. काकांच्या ट्रॅक्टर स्पेअर्सच्या दुकानात मी दुपारचा बसलो होतो. एक शेतकरी घाम पुसत आत आले आणि म्हणाले, "शेठ, रोटाव्हेटरच्या पात्यांचा एक सेट द्या." काकांनी मान हलवली. "संपला हो. परवा येईल." ते क्षणभर थांबले, दाराबाहेर आभाळाकडे पाहिलं आणि समोरच्या दुकानाची पायरी चढले. परवापर्यंत थांबणं त्यांना परवडणारं नव्हतं. वळवाचा पाऊस होऊन गेला होता, रान वाफशावर आलं होतं.

त्याच वेळी माझं लक्ष वरच्या फळीकडे गेलं. तिथे हायड्रॉलिक पंपाचे तीन खोके ओळीने होते. खिडकीकडच्या बाजूचा पुठ्ठा उन्हाने पिवळा पडला होता आणि स्केचपेनने लिहिलेला भाव पुसट झाला होता. मी विचारलं, "काका, हे तीन कशाला ठेवलेत?" ते म्हणाले, "अरे, डिसेंबरात एका ऊस वाहतूकवाल्याने एका दिवसात तीन नेले. म्हटलं, चालणारा माल दिसतोय, लगेच तीन आणून ठेवले." तेव्हापासून एकही गेला नव्हता. एका पंपाची खरेदी ९,००० रुपये, म्हणजे फळीवर २७,००० रुपये अडकून होते. पात्यांचा सेट ४,५०० रुपयांना पडतो. तेवढ्याच पैशात सहा सेट आले असते आणि ते त्या आठवड्यात हातोहात गेले असते.

हवा तो माल संपलेला आणि नको तो पडून, हे दुखणं औषधाच्या दुकानापासून कारखान्याच्या स्टोअरपर्यंत सगळीकडे असतं. त्यावर मालाची दोन अंगांनी वर्गवारी करण्याची एक रीत आहे. एका अंगाला एबीसी म्हणतात, दुसऱ्याला एक्सवायझेड. त्या उन्हाळ्यात काकांच्या बिलबुकांवरून मी ती मांडली. पुढचे आकडे समजायला सोपे जावेत म्हणून थोडे गोल केले आहेत, त्यांची घडण मात्र तीच आहे.

एबीसी जुनी आहे. अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीतल्या एच. फोर्ड डिकी यांनी १९५१ साली एका लेखात ती मांडली आणि तिथून ती जगभर गेली. प्रत्येक भागाचा वर्षाचा खप घ्यायचा, त्याला खरेदीच्या भावाने गुणायचं, मोठ्या आकड्यापासून लहानाकडे यादी लावायची आणि वरून बेरीज करत यायचं. बेरीज एकूण रकमेच्या ऐंशी टक्क्यांपर्यंत जाते तोवरचे भाग ए, पंचाण्णव टक्क्यांपर्यंतचे बी आणि उरलेले सी. काकांकडे सुमारे दीड हजार प्रकारचे भाग होते आणि वर्षाची खरेदी साधारण ६० लाखांची. ए गटात तीनशे भाग आले आणि त्यांनी ४८ लाख व्यापले. शेवटच्या साडेसातशे भागांची मिळून खरेदी होती ३ लाख, म्हणजे एका भागामागे वर्षाला ४०० रुपये.

इथे एक चूक नेहमी होते. महाग वस्तू म्हणजे ए, असं लोक धरून चालतात. पण ए ठरतो तो वर्षभराच्या रकमेवरून, एका नगाच्या भावावरून नव्हे. २५० रुपयांचा ऑइल फिल्टर वर्षाला ४८० गेला, म्हणजे १,२०,००० रुपये. ९,००० रुपयांचा पंप वर्षात सहा गेला, म्हणजे ५४,००० रुपये. दोघेही ए गटातच आहेत, पण फिल्टर यादीत पंपाच्या बराच वर आहे.

एबीसीचं काम इथे संपतं आणि अडचणही इथेच सुरू होते. फिल्टर आणि पंप एकाच गटात बसले, पण वागण्यात दोघांचं काहीच जुळत नाही. फिल्टर दर महिन्याला चाळीसच्या आसपास जातो, हे काका झोपेतही सांगतील. पंप कधी जाईल हे कुणालाच सांगता येत नाही. पैसा कुठे आहे एवढंच एबीसी सांगते. तो पैसा किती भरवशाने हलतो हे तिला माहीत नसतं, आणि तेवढ्यासाठी एक्सवायझेड आहे.

पुढे जाण्याआधी एक खुलासा करतो, कारण आपल्याकडे यातून खरंच घोटाळा होतो. भारतातल्या मटेरियल मॅनेजमेंटच्या बऱ्याच पाठ्यपुस्तकांत एक्सवायझेड म्हणजे गोदामात शिल्लक पडलेल्या मालाच्या किमतीवरून केलेली वर्गवारी, असं शिकवतात. कॉलेजात तेच शिकलेला माणूस नोकरीत दुसऱ्या अर्थाचं एक्सवायझेड ऐकून बुचकळ्यात पडतो. या लेखातलं एक्सवायझेड मागणीच्या चढउताराचं आहे. जर्मन कारखान्यांत ते फार रुळलेलं आहे आणि साठ्याची बहुतेक आधुनिक सॉफ्टवेअरं याच अर्थाने ते वापरतात.

त्याचं गणित दोन पायऱ्यांचं आहे. आधी बारा महिन्यांच्या विक्रीची सरासरी काढायची. मग एकेक महिना त्या सरासरीपासून साधारण किती लांब जातो ते काढायचं, यालाच प्रमाण विचलन म्हणतात. विचलनाला सरासरीने भागलं की चढउताराचा गुणांक मिळतो. भागायचं कशासाठी, तर महिन्याला चाळीस खपणाऱ्या वस्तूत पाचाचा फरक किरकोळ असतो आणि महिन्याला पाच खपणाऱ्या वस्तूत तोच फरक फार मोठा. भागाकारामुळे दोघी एका मापात येतात. एक्सेलमध्ये एका ओळीत बारा महिने मांडले असतील तर एवढं पुरतं:

```
=STDEV.S(C2:N2)/AVERAGE(C2:N2)
```

गुणांक ०.५ च्या खाली असला तर एक्स, ०.५ ते १ मध्ये वाय आणि १ च्या वर झेड, ही वाटणी बरेच जण वापरतात. या रेषा कुठल्याही शास्त्राने आखलेल्या नाहीत. काही कंपन्या एक्सची हद्द ०.२५ वरच थांबवतात. आपल्या दुकानाला शोभेल तिथे रेषा ओढावी आणि मग ती सारखी हलवू नये.

फिल्टरची एप्रिलपासूनची विक्री होती ४२, ३८, ४०, ४५, ४१, ३६, ३९, ४३, ४४, ४०, ३७, ३५. सरासरी ४०, विचलन ३.१६, गुणांक ०.०८. हा पक्का एक्स. पंपाची विक्री होती मे महिन्यात एक, ऑगस्टमध्ये दोन, डिसेंबरात तीन आणि बाकीचे नऊ महिने शून्य. सरासरी अर्धा नग, विचलन १, गुणांक २. हा उघड झेड.

मग पात्यांचा सेट घेतला. एप्रिलपासून ६, २०, २६, ४, २, ३, १६, २०, ८, ५, ४, ६. वर्षाचे १२०, सरासरी १०, विचलन ८.१९, गुणांक ०.८२. सूत्राने त्याला वायमध्ये टाकलं, तेही झेडच्या बाजूला. आकडा वाचून दाखवला तसे काका हसले. म्हणाले, "याला लहरी म्हणतो तुझा कॉम्प्युटर? अरे, खरिपाच्या मशागतीला मे-जूनमध्ये जाणार आणि रब्बीच्या तोंडावर ऑक्टोबर-नोव्हेंबरात जाणार. हे तर शेंबडं पोरही सांगेल."

काकांचं बरोबर होतं, आणि या सगळ्या पद्धतीत सर्वांत जास्त लोक जिथे घसरतात ती जागा हीच आहे. तो गुणांक चढउतार मोजतो, पण साठा करणाऱ्याला त्रास होतो तो अनपेक्षित चढउताराचा. जूनमध्ये खप वाढणार हे आधीच ठाऊक असेल तर त्या वाढीसाठी राखीव साठा कशाला हवा? तिच्यासाठी वेळेवर ऑर्डर द्यायला हवी. राखीव साठा ठेवायचा तो आपला अंदाज जेवढा चुकतो तेवढ्यापुरताच.

म्हणून माप बदलायचं. महिना वर्षाच्या सरासरीपासून किती लांब गेला हे न पाहता तो आपल्या अंदाजापासून किती लांब गेला हे पाहायचं. सर्वांत साधा अंदाज म्हणजे गेल्या वर्षीचा तोच महिना. आदल्या वर्षीची पात्यांची विक्री मी जुन्या बिलबुकांतून काढली. एप्रिलपासून ४, २३, २२, ६, ३, १, १९, १७, ९, ६, ५, ५. आता फरक पाहा. मे महिन्यात अंदाज २३, प्रत्यक्षात २०. जूनमध्ये अंदाज २२, प्रत्यक्षात २६. ऑगस्टमध्ये अंदाज ३, प्रत्यक्षात २. अशा बाराही चुका घेऊन त्यांचं माप काढलं तर ते २.२४ येतं आणि सरासरीने भागल्यावर ०.२२. चालू वर्ष दुसऱ्या ओळीत आणि मागचं वर्ष तिसऱ्या ओळीत असेल तर सूत्र असं:

```
=SQRT(SUMXMY2(C2:N2,C3:N3)/12)/AVERAGE(C2:N2)
```

०.८२ चा आकडा ०.२२ वर आला. पाती लहरी नव्हतीच, ती हंगामी होती. या मापाने ती एक्समध्ये जाऊन बसतात.

या एका बदलाने पैशांत किती फरक पडतो ते पाहण्यासारखं आहे. राखीव साठ्याचं नेहमीचं सूत्र असं: अनिश्चिततेचं माप, गुणिले माल हातात यायला लागणाऱ्या कालावधीचं वर्गमूळ, गुणिले भरवशाचा गुणक. शंभरातल्या पंचाण्णव वेळा माल कमी पडू नये असं वाटत असेल तर गुणक १.६५. अठ्ठ्याण्णव वेळांसाठी २.०५, नव्व्याण्णवांसाठी २.३३. शेवटच्या काही टक्क्यांचा भरवसा कसा महाग होत जातो, ते या आकड्यांवरून दिसतंच. हंगामात पाती मागवल्यापासून दुकानात येईपर्यंत साधारण महिना जातो, म्हणून वर्गमूळ १ धरू. पहिल्या मापाने राखीव साठा येतो १.६५ गुणिले ८.१९, म्हणजे १४ सेट, ६३,००० रुपयांचे. दुसऱ्या मापाने १.६५ गुणिले २.२४, म्हणजे ४ सेट, १८,००० रुपयांचे.

पण पंचेचाळीस हजार वाचले एवढाच हा हिशेब नाही. चौदा सेट राखून काकांचं भागलं तरी असतं का? सरासरी १० आणि राखीव १४ मिळून दर महिन्याला २४ सेट तयार ठेवले असते, तर जूनमध्ये २६ लागले तेव्हा दोन गिऱ्हाइकं परत गेली असती आणि ऑगस्टमध्ये दोनच सेट गेले तेव्हा बावीस गंजत पडले असते. हंगाम ओळखून चाललो तर जूनसाठी अंदाज २२ आणि राखीव ४, असे २६ सेट तयार असतात. बरोबर तेवढेच लागले. ऑगस्टसाठी ३ आणि ४ मिळून ७ पुरतात. म्हणजे जास्त माल ठेवूनही आधीची पद्धत ऐन हंगामात कमी पडते. यंदाच्या मे महिन्यात माल का संपला, तेही इथे उमगलं. काकांनी वर्षाचे १२० भागिले १२ करून दहा मागवले होते आणि मनाने पाच वाढवले होते. पंधरा सेट तिसऱ्या आठवड्यातच उडाले.

एक बारकावा सांगायला हवा. चुकीचं माप २.२४ आलं ते वर्षभराचं आहे. आकडे नीट पाहिले तर हंगामात चूक तीन-चार सेटची होते आणि एरवी एक-दोनची. तेव्हा राखीव साठाही वर्षभर एकाच आकड्यावर बांधून ठेवू नये. मे-जूनमध्ये चाराचे सहा करावेत, पावसाळ्यात दोनावर यावं.

ए गटातल्या अशा हंगामी मालावरच अंदाजाची सगळ्यात जास्त मेहनत घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. गेल्या वर्षीचा महिना हा चांगला अंदाज असला तरी पाऊस कॅलेंडर पाळत नाही. मोसमी पाऊस केरळात १ जूनला दाखल होणं हे सर्वसाधारण मानलं जातं, पण तो दोन आठवडे लांबला तर जूनची विक्री जुलैत सरकते. वर्षाचा एकूण आकडा तोच राहतो आणि महिन्याचे दोन्ही अंदाज चुकतात. म्हणून हवामान खात्याचा अंदाज, वळवाचा पाऊस कुठे झाला आणि गावागावातले मिस्त्री काय सांगतात, याकडे लक्ष ठेवून मे महिन्यातली ऑर्डर हाताने दुरुस्त करावी. या एका तासाच्या कामाचं मोल मोठं आहे.

फिल्टरसारख्या ए-एक्स मालाला उलट डोकं लावूच नये. गेल्या तीन महिन्यांची सरासरी काढली तरी अंदाज एक-दोन नगांपेक्षा फारसा सुधारत नाही, कारण सुधारायला काही शिल्लकच नसतं. तिथे फायदा आहे तो थोडा थोडा माल वारंवार मागवण्यात. पुण्याच्या डिस्ट्रिब्युटरकडून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने दुसऱ्या दिवशी पार्सल येत असेल तर महिन्याचा माल एकदम भरण्याचं कारण नाही. वर्गमूळाची गंमतही इथे कळते. माल यायचा कालावधी चौपट झाला तर राखीव साठा दुप्पट लागतो. तोच कालावधी महिन्यावरून आठवड्यावर आणला तर राखीव साठा निम्म्यावर येतो, अंदाज काडीनेही न सुधारता.

आता ते तीन पंप. त्यांच्यावर हेच सूत्र लावलं तर? विचलन १, गुणक १.६५, म्हणजे दोन नग राखीव. उत्तर आलं, पण त्याला अर्थ नाही. सूत्र गृहीत धरतं की विक्री सरासरीच्या दोन्ही बाजूंना घंटेच्या आकारात पसरलेली आहे. पंपाची विक्री तशी नाहीच. ती नऊ महिने शून्य आहे आणि मग एकदम दोन किंवा तीन. दोन पंप ठेवले तर नऊ महिने ते धूळ खातात आणि ज्या दिवशी वाहतूकवाला तीन मागतो त्या दिवशी नेमका एक कमी पडतो. ए-झेड मालात सूत्राचं उत्तर दोन्ही बाजूंनी चुकतं.

अशा मागणीचा अभ्यास जे. डी. क्रॉस्टन यांनी १९७२ मध्ये केला. त्यांची कल्पना साधी आहे. दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजायच्या: मागणी आली की किती नगांची येते, आणि दोन मागण्यांमध्ये किती काळ जातो. आपल्या पंपाची मागणी येते तेव्हा सरासरी दोन नगांची येते आणि साधारण चार महिन्यांनी येते. भागाकार केला की महिन्याला अर्धा नग, सरासरीएवढाच. पण आता "अर्धा नग" या निरर्थक आकड्याऐवजी "चार महिन्यांनी दोन" हे हाती असतं, आणि त्यावर विचार करता येतो. पुढे सिंटेटोस आणि बॉयलन यांनी दाखवलं की क्रॉस्टन यांची रीत मागणीचा अंदाज थोडा जास्त देते, आणि त्यांनी त्यात दुरुस्ती केली. मोठ्या कंपन्यांच्या सुट्या भागांच्या गोदामांत या रीती चालतात. वर्षात तीनदा खपणाऱ्या पंपासाठी दुकानदाराने त्यांच्या मागे लागू नये.

त्याने दुसरं काहीतरी करावं. झेड मालाचा अंदाज जुन्या आकड्यांत नसतो, तो माणसांकडे असतो. डिसेंबरात तीन पंप नेणाऱ्या वाहतूकवाल्याने गळिताआधी आपले ट्रॅक्टर दुरुस्तीला काढले होते. ऑक्टोबरात त्याला एक फोन केला असता तर हे आधीच कळलं असतं. तशी आधी कळलेली ऑर्डर आकडेमोडीतून बाजूला काढायची, कारण ती अनिश्चित राहिलेली नसते. उरलेल्या फुटकळ मागणीसाठी एक पंप ठेवावा, दुसरा गिऱ्हाईक आल्यावर मागवावा. ट्रॅक्टर उभा राहिला की शेतकऱ्याचा दिवस जातो, म्हणून शून्यावर जाऊ नये. पण त्या एका पंपामागे आपण विमा घेतोय, हे मनाशी स्पष्ट असावं.

ए-झेड आणि ए-वाय हे कोपरे खर्चिक आहेत म्हणून त्यांच्यावर इतकं थांबलो. मधल्या बी गटाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. एबीसीच्या तीन ओळी आणि एक्सवायझेडचे तीन रकाने मिळून नऊ चौकोन होतात, त्यातले बी चे तीन शेजारच्यासारखेच वागवावेत, थोड्या ढिल्या हाताने.

सी गटाबद्दल मात्र माझा आग्रह आहे, कारण तिथे लोक उलटं वागतात. स्वस्त माल म्हणून दुर्लक्ष करतात आणि तोच संपतो. साडेसातशे भाग, वर्षाला प्रत्येकी ४०० रुपये. यातल्या स्थिर खपाच्या, म्हणजे सी-एक्स मालाचा, कॉटर पिन, होज क्लिप, वॉशर अशांचा भरवसा नव्व्याण्णव टक्क्यांचा ठेवला तरी अडकणारे पैसे किरकोळ असतात. त्यांचा अंदाज काढू नये, नोंदही ठेवू नये. दोन डबे करावेत. पहिला रिकामा झाला की दुसरा उघडायचा आणि पहिल्याची ऑर्डर द्यायची. सहा महिन्यांचा माल एकदम आणला तरी बिघडत नाही. वाचलेला वेळ पात्यांवर घालवता येतो.

सी-झेड हा चौकोन सर्वांत गर्दीचा निघतो, आणि त्याचं कारण गिऱ्हाइकाच्या लहरीत नाही, मोजणीत आहे. गिऱ्हाइकं एकमेकांशी संबंध नसताना आपापल्या गरजेने येत असतील तर विचलन साधारण सरासरीच्या वर्गमूळाएवढं असतं. महिन्याला शंभर नग जात असतील तर विचलन दहा, गुणांक ०.१. चार जात असतील तर विचलन दोन, गुणांक ०.५. एकच जात असेल तर गुणांक थेट १. म्हणजे हळू खपणारी वस्तू केवळ हळू खपते म्हणून झेडमध्ये जाते, तिचं गिऱ्हाईक कितीही नियमित असलं तरी. तिथे प्रश्न एवढाच उरतो की ही वस्तू ठेवायची की नाही. जुन्या, बंद पडलेल्या मॉडेलचे भाग असतील तर ठेवू नयेत. पण साठ रुपयांचं ऑइल सील नाही म्हणून अख्खा ट्रॅक्टर उभा राहणार असेल तर ते ठेवावं. हा निकड पाहून घ्यायचा निर्णय आहे आणि त्यात ना एबीसी मदत करते ना एक्सवायझेड.

हे सगळं उभं असतं विक्रीच्या आकड्यांवर, आणि विक्री म्हणजे मागणी नव्हे. फिल्टरवरच करून पाहू. समजा ऑगस्ट आणि सप्टेंबरात कंपनीकडून माल आला नाही आणि दोन्ही महिन्यांची विक्री शून्य लागली. गिऱ्हाईक तसंच आहे, फक्त आपल्याकडे फिल्टर नव्हता. गुणांक काढला तर ०.०८ चा ०.४७ होतो. आणखी एक महिना असा गेला तर तो वायमध्ये जाईल आणि सूत्र म्हणेल, हा माल बेभरवशाचा आहे. बेभरवशाचा होता तो पुरवठा, आणि शिक्का बसला गिऱ्हाइकावर. पुढे त्या शिक्क्यावरून फिल्टरचा राखीव साठा उगीच वाढतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे "हा चालत नाही" म्हणून कमी होतो आणि तो पुन्हा संपतो. हे ओळखायला सोपं आहे. एक्सच्या उंबरठ्यावर आलेल्या प्रत्येक वस्तूचे शून्याचे महिने बघायचे आणि त्या महिन्यांत शिल्लक किती होती ते तपासायचं. शिल्लक शून्य असेल तर तो महिना गणितातून वगळायचा.

दुसरी चूक कालावधीची. हीच विक्री रोजची मांडली तर फिल्टरही लहरी दिसेल, कारण एखाद्या दिवशी पाच जातात, एखाद्या दिवशी एकही नाही. आठवड्यांची बेरीज केली की चढउतार एकमेकांत मुरतात, महिन्याची केली की आणखी मुरतात. तेव्हा माल यायला जेवढा काळ लागतो त्याच्या जवळपासचा कालावधी घ्यावा आणि सगळ्या वस्तूंना तोच लावावा. एका वस्तूचा आठवड्याचा गुणांक आणि दुसऱ्या वस्तूचा महिन्याचा गुणांक शेजारी ठेवून तुलना केली तर उत्तर चुकणारच.

तिसरी, वर्गवारी करून कागद ड्रॉवरमध्ये टाकणं. खपाची तऱ्हा बदलते. नवं मॉडेल येतं, एखाद्या गावात ठिबक वाढतं, एखादा मिस्त्री दुसऱ्या दुकानाशी बांधला जातो. तीन महिन्यांनी आकडे पुन्हा काढावेत. पण सीमेवरची वस्तू एका वेळी ०.४९ आणि पुढच्या वेळी ०.५२ झाली म्हणून तिची रीत बदलू नये. सलग दोन तिमाही ती पलीकडे राहिली तरच हलवावी. नव्या वस्तूला वर्षभर कुठलंच अक्षर देऊ नये, ती काकांच्या अंदाजावरच चालवावी.

आम्ही त्या जूनमध्ये दोनच गोष्टी केल्या. काउंटरवर एक वही ठेवली आणि तिच्यावर "नाही" असं लिहिलं. मागितलेला माल दुकानात नसला की तारीख, वस्तू आणि नग तिच्यात उतरवायचे. पहिल्याच आठवड्यात पात्यांचे पाच सेट, एक क्लच प्लेट आणि तीन वेळा एकच साडेतीन इंची बोल्ट लिहिला गेला. बोल्ट सी गटातला होता आणि त्याचा डबा रिकामा होऊन किती दिवस झाले, हे कुणालाच माहीत नव्हतं.

दुसरी गोष्ट पंपांची. काकांनी शेजारच्या तालुक्यातल्या एका ओळखीच्या दुकानदाराला फोन लावला. दोघांकडे मिळून पाच पंप पडून होते. ठरलं असं की दोघांनी एकेक ठेवायचा, उरलेले कंपनीला परत जातात का ते बघायचं, आणि एकाकडे गिऱ्हाईक आलं तर दुसऱ्याचा पंप एसटीच्या पार्सलने मागवायचा. कंपनीने तीनपैकी दोन घेतले, खोका फाटलेला एक नाही घेतला. तो अजून वरच्या फळीवर आहे, पण आता एकटाच.